भुताचा सिनेमा हवा, रक्त नको: लावण्याआधीची तयारी

सिनेमा शोधायला लागण्याआधी ज्यांच्यासाठी शोधताय त्यांना एक प्रश्न विचारा: नक्की काय बघवत नाही? ‘मला रक्तबिक्त नको’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, खोदून विचारा. एखाद्याला वाहतं रक्त चालतं, पण नखाला किंवा डोळ्याला काही झालेलं चालत नाही. कुणाला ओकारी, कुणाला सुई, कुणाला बाळंतपण. आमच्या वहिनींना मारामारीतलं रक्त चालतं. तुटलेला अवयव जवळून दाखवला की संपलं. हे मी आधी विचारलं नव्हतं. ‘हळूहळू भीती चढवणारा, कौटुंबिक, फार गाजलेला’ असं ऐकून ‘हेरेडिटरी’ (2018) लावला. साधारण अर्ध्या तासाने त्यात एक गोष्ट घडते, आणि काही वेळाने कॅमेरा तिचा परिणाम भर उन्हात, अगदी जवळून दाखवतो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हे तुम्ही आधी बघितलं होतंत का?” आणि ताट घेऊन आत गेल्या.

म्हणून आता मुख्य काम, आणि यादीतलं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. आयएमडीबी या वेबसाइटवर त्या सिनेमाच्या पानावर Parents Guide उघडा आणि त्यातला Violence & Gore हा भाग वाचा. नाव बघून ‘हे लहान मुलांच्या आईबापांसाठी असणार’ म्हणून सोडू नका. वरचं Mild, Moderate, Severe हे लोकांच्या मतांवर ठरतं. ते बघून पान बंद करू नका. खाली प्रेक्षकांनी एकेक प्रसंग लिहिलेला असतो, तो वाचा. त्याच्याही खाली Spoilers म्हणून झाकून ठेवलेला भाग असतो. तोही उघडा. सगळ्यात वाईट प्रसंग बहुतेक वेळा तिथेच असतो, कारण शेवट फुटू नये म्हणून लोक तो तिकडे टाकतात.

“पण मग मला गोष्ट आधीच कळेल!” कळेल. कळू दे. दोघांपैकी एकाने मजा घालवून घ्यायचीच आहे, आणि निवडणारे तुम्ही आहात. ‘हेरेडिटरी’च्या वेळी शेवट फुटेल म्हणूनच मी तो भाग उघडला नव्हता.

सर्टिफिकेटवर विसंबू नका. अमेरिकेत ‘हेरेडिटरी’ला R, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचं सर्टिफिकेट, मिळालं आणि ‘द कॉन्ज्युरिंग’ला (2013) सुद्धा R मिळालं. दुसऱ्यात भीती भरपूर आहे, पण पहिल्यासारखं काही जवळून बघावं लागत नाही. R का दिलं याचं एका ओळीचं कारण छापलेलं असतं. दोन्हींच्या कारणात रक्ताचा शब्दसुद्धा नाही. म्हणजे शिक्का एकच आणि कारणाच्या ओळीतूनही फरक कळत नाही. आपल्याकडे ओटीटीवर सुरुवातीला कोपऱ्यात वयाचा आकडा आणि ‘हिंसा’, ‘भीती’ असे दोन-तीन शब्द येतात, त्यांचीही तीच गत. त्यातून एवढंच कळतं की आत काहीतरी आहे. काय आहे ते Violence & Gore मध्येच कळतं.

ट्रेलरही बघू नका, म्हणजे या कामासाठी. ट्रेलरमध्ये दारं आणि अंधार असतो, नको ते कापलेलं असतं. परीक्षणात ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ सिनेमा संथ आहे एवढाच घ्या, स्वच्छ आहे असा नको. आणि कुणीतरी ‘तुंबाड’ (2018) सुचवणारच, कोकण, पाऊस, वाडा म्हणून. सिनेमा जबरदस्त आहे, पण त्यातल्या म्हातारीच्या शरीराचं जे काही होतं ते शरीराचेच हाल न बघवणाऱ्या माणसाला दाखवायचं नाही.

एक तपासणी करून दाखवतो. ‘द अदर्स’ (2001), निकोल किडमनचा. 1945 साल, इंग्लिश खाडीतलं जर्सी बेट, दोन मुलांना उजेड सोसत नाही म्हणून घरभर पडदे ओढलेले, आणि मागचं दार कुलूपबंद केल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही असा आईचा नियम. त्यामुळे कुलूपबंद खोलीत पियानो वाजला की आपोआप पोटात गोळा येतो. तो वाजवायला आत कुणी जाऊच शकत नाही, हे सिनेमाने तोपर्यंत दहादा सांगून ठेवलेलं असतं. हीच वहिनींची आवड. आता तपासणी. PG-13 आहे, ते बाजूला ठेवा. Violence & Gore: बंदूक दिसते, रक्त जवळपास नाही, अवयव तुटत नाहीत. वहिनींच्या यादीशी ताडलं, पास. पण वाचता वाचता दुसरं सापडलं: मेलेल्या माणसांच्या फोटोंचा अल्बम आहे, आणि गोष्ट लहान मुलांच्या मरणाशी जाऊन भिडते. घरात तसं दुःख झालेलं असेल तर रक्त नसूनही हा सिनेमा नको. हे सर्टिफिकेट तुम्हाला कधीच सांगणार नाही.

नावाबरोबर साल बघा. ‘द हॉन्टिंग’ दोन आहेत. 1963 चा कृष्णधवल आहे, त्यात भूत दिसतच नाही. रात्री दारावर धडका बसतात आणि जाड लाकडी दार श्वास घेतल्यासारखं आत फुगत येतं, बस. 1999 च्या त्याच नावाच्या सिनेमात एकाचं मुंडकं उडतं. शोधताना नवा आधी समोर आला आणि तुम्ही दाबलंत, की गेलं. Violence & Gore वाचतानाही ते पान कुठल्या सालच्या सिनेमाचं आहे ते बघा, नाहीतर वाचून उपयोग नाही.

एखाद्या ठरावीक गोष्टीची चीड असेल (डोळा, दात, सुई, ओकारी, कुत्रा मरणं) तर doesthedogdie.com वर प्रत्येक गोष्टीपुढे लोकांनी हो किंवा नाही दिलेलं असतं. जुन्या किंवा कमी गाजलेल्या सिनेमांची उत्तरं तिथे थोडी असतात, मराठीची तर नसल्यातच जमा. तिथे मात्र पर्याय नाही, स्वतः आधी बघा. अचानक दचकवणं हा वेगळाच प्रश्न आहे, तो वेगळा विचारा. कुणाला ते आवडतं, कुणाला त्याने डोकं दुखतं.

बाकीचं पटपट. सबटायटल कर्णबधिरांसाठीची नसलेली लावा, नाहीतर दार करकरायच्या आधीच खाली ‘दार करकरतं’ असं लिहून येतं. असले सिनेमे काळेकुट्ट असतात, दुपारी टीव्हीत खिडकीच दिसते, तेव्हा रात्रीच. जेवणं आधी उरका. सांगायला नको, पण आवाज मोठा आणि शेजारी झोपलेले, हे जमत नाही.

आणि दुसरा सिनेमा तयार ठेवा. पहिला ओटीटीवरून गेलेला असतो किंवा दहा मिनिटांत कंटाळा येतो, मग रिमोट भलत्याच्या हातात जातो आणि तो समोर दिसेल ते लावतो. दुसऱ्याचंही Violence & Gore आदल्या दिवशी वाचलेलं असू दे, झाकलेल्या भागासकट.