दुसऱ्या फेरीला नाही म्हणण्याआधीची तयारी

गुरुवारी सकाळी 11 वाजता नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत मुलाखतीची दुसरी फेरी ठरलेली, आणि सोमवारी संध्याकाळी बुटीबोरीच्या दुसऱ्याच कंपनीचं ऑफर लेटर मेलवर येऊन पडलेलं. माझ्या मावसभावाची मुलगी हिंगण्याला एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे, तिची ही गोष्ट. तिचा फोन आला, "काका, बुटीबोरीचं पक्कं झालं. मिहानवाल्यांना आता काय सांगू जी?" मी बरीच वर्षं भरतीच्या कामात काढली आहेत, त्यामुळे घरातले असे फोन माझ्याकडेच येतात. तिला म्हटलं, आज काहीच सांगू नकोस, आधी तो कागद पाठव. त्या तीन दिवसांत आम्ही जे केलं, ते त्याच क्रमाने इथे लिहितो, कारण या कामात बहुतेकांचं क्रमातच चुकतं.

पहिली तयारी म्हणजे 'पक्कं झालं' या शब्दाची झडती. फोनवर एचआर म्हणाले 'तुमचं सिलेक्शन झालं' तर ती अजून ऑफर नव्हे. कंपनीच्या स्वतःच्या मेल पत्त्यावरून आलेलं पत्र हवं, त्यात पद, कामाचं ठिकाण, पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख हवी. कोणी डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागत असेल तर पुढचं वाचूच नका, मिहानची फेरी सोडू नका. या मुलीच्या पत्रात सगळं नीट होतं, फक्त एक गोष्ट अडत होती. हिंगण्याच्या नोकरीचा नोटिस पिरियड 60 दिवसांचा, आणि बुटीबोरीवाल्यांनी 45 दिवसांनी रुजू व्हा म्हटलेलं. ती म्हणाली, "ते बोलले होते की पाहून घेऊ." अशा पाहून घेण्यावर दुसरं दार बंद करायचं नसतं. मंगळवारी सकाळी तिने फोन केला, नोटिसची अडचण सांगितली आणि तारीख लेखी बदलून मागितली. दुपारी 1 वाजता सुधारलेलं पत्र आलं. तिने सही करून स्कॅन पाठवला, आणि 3 वाजता 'तुमची स्वीकृती मिळाली' असं उत्तर आलं. खरं 'पक्कं' त्या 3 वाजता झालं, सोमवारी संध्याकाळी नाही.

जवळपास प्रत्येक ऑफरमध्ये एक ओळ असते की कागदपत्रांची तपासणी, मेडिकल आणि आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर यांवर ही नेमणूक अवलंबून राहील. ती वाचून काही जण घाबरतात आणि तपासणी होईपर्यंत दुसरी मुलाखतही जिवंत ठेवतात. तपासणीला कधी कधी आठवडे लागतात, तेवढं कोणाला ताटकळत ठेवता येत नाही. आपल्या कागदांत काही वाकडं आहे का, एखादी जुनी नोकरी लपवली आहे का, पगाराच्या स्लिपा आणि सांगितलेला आकडा जुळतो का, हे स्वतःलाच विचारायचं. सगळं सरळ असेल तर थांबू नये. सरळ नसेल तर अडचण मिहानच्या फेरीची नाहीच.

एक प्रश्न तिने विचारला तो रास्त होता. मिहानवाल्यांना 'माझ्याकडे ऑफर आहे, तुम्ही लवकर करता का' असं विचारावं का? विचारता येतं, पण सही करण्याआधी. सोमवारची संध्याकाळ ते मंगळवारची दुपार एवढीच ती खिडकी होती. तिला बुटीबोरीचंच काम हवं होतं, तिथे तिला थेट प्लांटवर लाइन मिळणार होती, म्हणून तिने विचारलं नाही. सही केल्यावर तोच प्रश्न विचारला तर तो भाव वाढवण्याचा खेळ होतो, आणि समोरच्यालाही ते लगेच कळतं.

आता मुदतीचं. स्वीकृतीचं उत्तर आलं की त्याच दिवशी, कामाच्या वेळेत कळवायचं. गुरुवारच्या पॅनलमध्ये एक साहेब पुण्याहून येणार होते, हे एचआरच्या मेलमध्येच लिहिलेलं होतं. त्यांचं बुधवार संध्याकाळचं विमान असणार हे गृहीत धरायला हरकत नव्हती. मंगळवारी साडेतीनला कळलं तर तिकीट बदलता येतं, नाहीतर तीच वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता येते. बुधवारी रात्री कळलं तर यातलं काहीच होत नाही. मिहानच्या सेझमध्ये पाहुण्याचा गेटपास आधी करावा लागतो, तोही कोणीतरी करून ठेवलेला असतो. उमेदवाराला वाटतं आपण एक मुलाखत सोडतोय, पण तिकडे चार जणांची सकाळ बांधलेली असते.

कळवायचं कोणाला, हा या यादीतला सगळ्यात गुंत्याचा भाग आहे, कारण तिची मुलाखत एका कन्सल्टन्सीमार्फत लागली होती. कन्सल्टंटला कंपनीकडून फी मिळते ती माणूस रुजू झाल्यावर. पुष्कळ ठिकाणी ती वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते. तुम्ही माघार घेतली की त्याची तेवढी कमाई गेली, हे ध्यानात ठेवून त्याच्याशी बोलायचं. तो वाईट माणूस नसतो, पण तो तुमचं म्हणणं जसंच्या तसं पुढे नेईलच असंही नाही. मी कंपनीच्या भरतीच्या खुर्चीत बसलेलो असताना 'उमेदवार फोन उचलत नाही' असे निरोप आलेले पाहिले आहेत, आणि नंतर उमेदवाराशी बोलल्यावर कळलं की त्याने दोन दिवस आधीच स्पष्ट नकार दिला होता. दरम्यान आमच्या नोंदीत त्याच्या नावापुढे 'नो शो' पडलेलं. 'स्वतःहून माघार' आणि 'आलाच नाही' या दोन शेऱ्यांत फार फरक आहे. दोन वर्षांनी तोच बायोडाटा पुन्हा आला की पहिला शेरा कोणी बघत नाही, दुसरा मात्र पहिल्यांदा दिसतो.

म्हणून पहिला फोन कन्सल्टंटला, कारण ओळख त्याने करून दिली. पण मेल एकच, कन्सल्टंट आणि कंपनीच्या एचआर मॅडम दोघांना एकदम. मॅडमनी तिला आधी थेट मेल केलेली होती, त्यामुळे यात कोणाला ओलांडून जाण्याचा प्रश्न नव्हता. मॅडमची थेट मेल कधी आलीच नसेल, तर फक्त कन्सल्टंटला लिहावं आणि 'कंपनीला कळवल्याचं मला कळवा' ही ओळ घालावी.

कन्सल्टंटचा फोन कसा होणार हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तसाच झाला. "अहो ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही? गुरुवारी जाऊन तर या, नाही म्हणायचं ते नंतर म्हणा." मग, "तिकडे किती दिले? आपण जास्त काढू." आकडा सांगायचा नाही, एवढंच ठरलं होतं. आकडा सांगितला की बोलणं माघारीचं राहत नाही, सौद्याचं होतं. ती म्हणाली, "दादा, मी सही करून दिली आहे. प्रश्न पैशाचा नाही. तुम्ही माझ्यासाठी धावपळ केली, म्हणून तुम्हाला पहिला फोन केला." दोनदा तेच सांगितलं, तिसऱ्यांदा त्यानेच विषय सोडला. कंपनीचं नावही विचारलं. ते रुजू होईपर्यंत न सांगणं बरं. हिंगणा, बुटीबोरी आणि मिहान या तिन्हीकडच्या एचआरची आपसात ओळख असते, आणि एका टोकाला सैल बोललेलं दुसऱ्या टोकाला निराळं होऊन पोचतं. "जॉइन झाले की सांगते" एवढं पुरतं.

मेल नव्याने सुरू करायची नाही. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलमध्ये आलं तिलाच उत्तर द्यायचं, म्हणजे तारीख, पद, सगळं खाली आपोआप राहतं. भाषा इंग्रजीच असते, पण तिने आधी मराठीत लिहून घेतलं आणि मग उतरवलं, ते मला आवडलं. मजकूर साधारण असा होता: 'गुरुवारी 11 वाजताच्या दुसऱ्या फेरीसाठी बोलावल्याबद्दल आभारी आहे. दुसऱ्या एका कंपनीची प्रक्रिया आधी पूर्ण झाली आणि मी त्यांची ऑफर स्वीकारली आहे, त्यामुळे या पदासाठीची माझी उमेदवारी मी मागे घेत आहे. पहिल्या फेरीत तपासणीच्या पद्धतीवर जी चर्चा झाली तिचा मला उपयोग झाला. पॅनलची वेळ दुसऱ्या कोणाला देता यावी म्हणून आजच कळवत आहे.' खाली नाव आणि फोन नंबर.

यातला 'मागे घेत आहे' हा शब्द ढिला करायचा नाही. तिच्या पहिल्या खर्ड्यात 'मला येणं जमेल असं वाटत नाही' होतं. ते वाचून कोणीही चांगली एचआर विचारेल, मग शुक्रवारी चालेल का? घरी कोणी आजारी आहे असली थापही नको, कारण तिचंही उत्तर 'पुढच्या आठवड्यात या' हेच येतं. 'भविष्यात संधी असेल तर जरूर कळवा' हे वाक्य मी खोडायला लावलं. सगळेच लिहितात आणि कोणी वाचत नाही. पहिल्या फेरीतली एक खरी गोष्ट लिहिली तर निदान त्या पॅनलमधल्या माणसाला आपण आठवतो.

मेल गेल्यावर मॅडमना एक छोटा फोन. त्यांनी उचलला, "बरं झालं आज सांगितलंत," म्हणाल्या, दीड मिनिटात संपलं. फोन उचलला नाही तर दोन ओळींचा मेसेज पुरे, पाच वेळा लावायची गरज नाही.

बाकीचं किरकोळ आहे, पण राहून जातं. कॅलेंडरमधलं निमंत्रण नुसतं डिलीट करू नये, 'डिक्लाइन' करून उत्तर जाऊ द्यावं, म्हणजे निमंत्रण पाठवणाऱ्याच्या कॅलेंडरमधेही तुम्ही नाकारल्याचं दिसतं. मात्र मेलच्या आधी ते दाबू नये, नाहीतर समोरच्याला कारण कळायच्या आत नकार पोचतो. कंपनीच्या पोर्टलवर अर्ज मागे घेण्याची सोय असेल तर तीही वापरावी. दुसऱ्या फेरीच्या तयारीसाठी मिहानवाल्यांनी नापास मालाचा नमुना तक्ता पाठवला होता. तो तिने काढून टाकला आणि तसं मेलच्या शेवटी एका ओळीत लिहिलं. नोकरीच्या साइटवरची 'नोकरी शोधत आहे' ही खूण मात्र राहिलीच होती, ती बुधवारी चार नवे फोन आल्यावर काढली.

शेवटचं काम म्हणजे पाठवलेली मेल आणि आलेलं उत्तर फोनमध्ये चटकन सापडेल असं ठेवणं. गुरुवारी 11 वाजून 10 मिनिटांनी ती हिंगण्याच्या शॉपफ्लोअरवर असताना कन्सल्टन्सीतल्या वेगळ्याच मुलाचा फोन आला, "ताई, गेटवर पोचल्या का? तिकडे वाट पाहून राहिले असतील." त्याच्या यादीतून तिचं नाव कोणी काढलंच नव्हतं. तिने मंगळवारची मेल त्याला पुढे पाठवली आणि लाइनवर परत गेली.