बँजो ग्रुपचं नाव आणि लोगो : या चुका टाळा

गेल्या श्रावणात कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीतली नऊ पोरं माझ्याकडे आली. मी फ्लेक्स, टी-शर्ट आणि स्टँडच्या बॅनरचं डिझाइन करतो, त्यामुळे गणपतीच्या आधीचे तीन आठवडे दुकानात बँजोवाल्यांचीच गर्दी असते. यांना नवा फ्लेक्स हवा होता, पण बोलता बोलता खरी अडचण वेगळीच निघाली. त्यांच्या एका हळदीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बऱ्यापैकी फिरला होता. खाली कोणीतरी विचारलं, "खंयचो बँजो?" आणि तिसऱ्याच माणसाने दोन गावं पलीकडच्या ग्रुपचा नंबर दिला. त्या नंबरावर दोन सुपाऱ्या गेल्या.

कोणी खोटं बोललं नव्हतं. दोन्ही ग्रुपच्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'सातेरी' आणि खाली बारीक 'म्युझिकल ग्रुप' असंच लिहिलेलं होतं. (ग्रुप आणि वाडीची नावं मी इथे बदलली आहेत. अडचण मात्र तीच ठेवली आहे.)

पहिली चूक : देवीचं नाव ठेवायचं आणि तिथेच थांबायचं

सातेरीची देवळं सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावोगावी आहेत. रवळनाथाचं तसंच, रत्नागिरीकडे भैरीचंही तसंच. ग्रामदेवतेचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे ग्रुप उभा राहत नाही, आणि ते बरोबरच आहे. गाऱ्हाणं घालून, काही ठिकाणी कौल लावून नाव ठरलेलं असतं. त्या पोरांपैकी एकाने मला आधीच सांगून टाकलं, "नाव बदलूचा नाय. देवीचा नाव आसा ता." मलाही ते बदलायचं नव्हतंच. पण आपल्या गावात 'सातेरी' म्हटलं की एकच देवी डोळ्यांसमोर येते आणि गावाची वेस ओलांडली की त्याच नावाच्या दहा होतात, हे नाव ठेवताना कोणाच्या लक्षात येत नाही. पहिली दोन वर्षं कार्यक्रम गावातच होतात, त्यामुळे चूक दिसतही नाही. ती दिसते बाहेरच्या सुपाऱ्या यायला लागल्यावर.

मग आम्ही वाडीचं नाव जोडलं. समजा, वाडी भरडवाडी. आधी सुचलं ते 'सातेरी म्युझिकल ग्रुप, भरडवाडी'. हे कागदावर ठीक दिसतं, पण लग्नाच्या मांडवात निवेदक माईकवर ते म्हणतो तेव्हा शेवटचा शब्द टाळ्यांत बुडतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती पुन्हा 'सातेरी'च उरते. म्हणून मी पोरांना दुकानाच्या बाहेर रस्त्यावर उभं केलं, आतून एकेक नाव एकदाच मोठ्याने म्हटलं आणि त्यांना ते मोबाइलमध्ये टाइप करायला लावलं. 'म्युझिकल ग्रुप' कोणीच लिहिलं नाही. 'भरडवाडीची सातेरी' मात्र सगळ्यांनी पूर्ण लिहिलं. देवीबद्दल आपण बोलतोच तसं हे नाव आहे, आणि वाडी पुढे असल्यामुळे ती कोणाला गाळता येत नाही.

त्यातच आणखी एक गोष्ट उघडी पडली. नऊ जणांनी इंग्रजी कीबोर्डवर `Sateri`, `Saateri` आणि `Satery` असं तीन तऱ्हांनी लिहिलं. यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवर एकच स्पेलिंग पक्कं करा आणि तेच फ्लेक्सवर फोन नंबराशेजारी छापा. देवनागरी नाव सगळ्यांना एकसारखं वाचता येतं, पण शोधताना बरेच जण रोमन अक्षरंच दाबतात.

गावाचं नाव जोडून सुटका करून घेण्याची वेळ मोठमोठ्यांवर आली आहे. इंग्लंडमधल्या स्वेड या रॉक बँडला अमेरिकेत त्याच नावाची एक गायिका आधीपासून गात असल्यामुळे तिथे 'द लंडन स्वेड' या नावाने वावरावं लागलं. ओळख झाल्यावर नाव बदलणं किती जड जातं ते त्यांना विचारावं. आपण वाडी पहिल्या दिवशीच जोडू शकतो.

कायद्याची बाजूही हेच सांगते. करमणुकीच्या सेवांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग ४१ आहे. एका व्यक्तीच्या नावे ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये पडते आणि नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. पण नुसत्या देवाच्या नावावर मक्तेदारी मिळेल या भरवशावर राहू नका. एका धर्मग्रंथाचं नाव अगरबत्तीसाठी ट्रेडमार्क म्हणून हवं होतं, त्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पवित्र ग्रंथाच्या नुसत्या नावावर कोणा एकाला हक्क सांगता येणार नाही. मात्र जोडीला दुसरा शब्द असेल आणि तोही तितक्याच आकारात, तितक्याच ठळकपणे असेल, तर विचार होऊ शकतो. निकाल ग्रंथाच्या नावाबद्दल असला तरी देवाच्या नावाने ग्रुप काढणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा. वाडीचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं लिहायचं नाही, देवीच्या नावाएवढंच मोठं लिहायचं. नोंदणी परवडत नसेल तर पहिल्या वर्षापासूनचे तारीखवार फ्लेक्सचे फोटो आणि सुपारीच्या पावत्या जपून ठेवा. नाव आधीपासून कोण वापरतंय याला वादात वजन असतं.

दुसरी चूक : लोगोत देवीचा फोटो

माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात जणांना लोगोत देवीचा मुखवटा हवा असतो, आणि सोबत गिटार, लाटा, माड, पंख पसरलेला गरुड. श्रद्धेने मागतात, पण तो फोटो पुढे कुठे कुठे जातो याचा विचार झालेला नसतो. ड्रमच्या पुढच्या कातड्यावर तो येतो तेव्हा त्याच ड्रमवर मागून पायाने ठोका पडतो. टी-शर्टवर येतो तेव्हा घामाच्या कपड्यांबरोबर बालदीत बुडतो. फ्लेक्स पावसात फाटला की गटाराच्या कडेला पडतो, नाहीतर कोणीतरी तो गोठ्यावर टाकतो. एका गावात मानकऱ्यांनी यावरून ग्रुपला जाब विचारलेला मी पाहिला आहे, आणि बाजू मानकऱ्यांचीच खरी होती.

दुसरं कारण नजरेचं आहे. मुखवट्याचा फोटो मोबाइलवरच्या चॅनलच्या गोल चित्रात पिवळा ठिपका होऊन बसतो. बारीक नक्षी, नथ, हार, काहीच उरत नाही.

लंडनमध्ये जॉन पॅश नावाच्या कलाशिक्षणातल्या तरुणाने १९७० साली रोलिंग स्टोन्सचा लोगो केला, तेव्हा गायक मिक जॅगरने त्याला कालीमातेचं एक चित्र दाखवलं होतं. पॅशने देवी काढली नाही. त्या चित्रातली बाहेर काढलेली जीभ तेवढी त्याच्या मनात राहिली आणि ओठ-जीभ एवढाच आकार त्याने केला. त्याला ५० पौंड मिळाले. आज तो आकार नखाएवढा छापला तरी ओळखू येतो. देवीच्या जिभेचं परक्यांनी काय केलं हे कोणाला रुचेल, कोणाला नाही. मला त्यातली घडवण्याची रीत घ्यावीशी वाटते : अख्ख्या चित्रातून एकच आकार उचलायचा.

सातेरीच्या बाबतीत तो आकार शोधावाही लागला नाही. सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. आम्ही वारुळाची नुसती बाह्यरेषा घेतली, तीन उंचवटे, मधला सर्वांत उंच. पोरांनी गावात जाऊन मानकऱ्यांना दाखवली, होकार आला, मग पुढचं काम. रेषा जाड ठेवली, रंग एकच. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे पाच रंगांचा लोगो पंधरा टी-शर्टांवर छापायला निघालं की खर्च ऐकून अर्धे रंग गाळावेच लागतात. ते छापखान्यात घाईने गाळण्यापेक्षा आधीच एका रंगात काढून बघावं. माझी कसोटी दोन टोकांची आहे. लोगो एका रुपयाच्या नाण्याएवढा छापायचा आणि हातात धरून बघायचा. मग तोच ड्रमवर चिकटवायचा आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तीसेक फुटांवरून बघायचा. दोन्हीकडे ओळखू आला तर पास.

तिसरी चूक : इंग्रजी लोगोची नक्कल देवनागरीत

हे मला सर्वांत जास्त सलतं, कारण यात आपल्याच लिपीची मोडतोड होते. ड्रम गोल, म्हणून नाव गोलाईत हवं असतं. रोमन अक्षरं सुटी असतात, ती वर्तुळावर बसतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. वर्तुळावर चढवली की प्रत्येक अक्षराची रेषा आपापल्या दिशेने सरळ राहते आणि जोडांवर फटी पडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी तेच होतं. गोलाईत हवंच असेल तर शिरोरेषा पुसून टाकायची, एक अखंड कमान काढायची आणि अक्षरं तिला खालून जोडायची. आम्ही तेही केलं नाही. वारूळ वर आणि नाव खाली दोन सरळ ओळींत ठेवलं.

१९६३ साली लंडनमधल्या ड्रमच्या एका दुकानदाराने बीटल्सच्या ड्रमसाठी नुसती अक्षरं रेखाटली होती, पहिलं बी मोठं आणि टीचा दांडा खाली लांबवलेला. दुकानाच्या पेंटरने ती रंगवली, ५ पौंडांत. देवनागरीत असा लांबवायचा भाग आपल्या स्वभावातच असतो. 'भरडवाडीची सातेरी' मध्ये दोन वेलांट्या शेवटाला येतात. आम्ही 'ची' ची वेलांटी थोडी उंचावून मागे ओढली आणि ती वारुळाच्या पायाशी टेकवली. बाकी अक्षरं साधीच ठेवली.

फाइल घेताना एक गोष्ट तपासाच. व्हॉट्सॲपवर आलेली `.jpg` दहा फुटी फ्लेक्सवर कडांना दातेरी होते. डिझाइनवाल्याकडून `.cdr` किंवा `.svg` मागून घ्या आणि अक्षरं कर्व्ह्ज करून द्यायला सांगा. नाहीतर दुसऱ्या छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसतो आणि जोडाक्षरं फुटतात. छपाईला सोडण्यापूर्वी रफार, ऊकार आणि वेलांट्या बोट ठेवून वाचा. ओळींतलं अंतर कमी असलं की खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीच्या ऊकाराला धडकतात.

चौथी चूक : नाव कोणाचं हे तोंडी ठेवायचं

नऊ जणांतले दोघे मुंबईला नोकरीला जातात, एखाद्याचं बिनसतं आणि तो चार पोरं घेऊन वेगळा होतो. मग दोन्ही बाजू तेच नाव लावतात, आणि यूट्यूबचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो जिंकतो. साध्या कागदावर चार ओळी लिहा : नाव आणि लोगो ग्रुपचा, बाहेर पडणाऱ्याने तो वापरायचा नाही, चॅनल कोणाच्या ताब्यात राहील, सुपारीचा फोन नंबर कोणाकडे. नऊ सह्या घ्या. चॅनलचा ताबा निदान दोघांकडे द्या.

नाव आधीच चुकलं असेल तर

नवं चॅनल उघडू नका. जुन्याच चॅनलचं नाव बदला, म्हणजे व्हिडिओ आणि बघणारे जागेवर राहतात. बदल लग्नसराईच्या मध्यात करू नका, कारण ॲडव्हान्स दिलेल्या यजमानाला दारात भलतंच नाव दिसतं. आमच्या पोरांनी गणपतीपासून नवा फ्लेक्स लावला आणि एक हंगामभर फोन नंबराखाली 'पूर्वीचे सातेरी म्युझिकल ग्रुप' अशी ओळ ठेवली. शिमग्याच्या फ्लेक्सला ती काढली. पलीकडच्या गावच्या ग्रुपलाही त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. आता चुकून आलेला फोन दोन्हीकडचे एकमेकांना देतात.