मसाला करपतो, खाली लागतो? मालवणी फोडणीत या चुका टाळा

काळ्या वाटाण्याचं सांबारं करताना सगळ्यात जास्त गडबड कुठे होते तर मसाला घालायच्या त्या अर्ध्या मिनिटात. वाटाणे रात्रभर भिजले, कुकरला मस्त शिजले, वाटप पण छान झालं, आणि मग तेलात दोन चमचे मालवणी मसाला पडला की भस्सकन काळा, घरभर ठसका. मागच्या गणपतीत माझं अगदी असंच झालं, पंधरा माणसांचं सांबारं होतं.

पहिली चूक म्हणजे मसाला नुसत्या तेलात घालणं. मोहरी तडतडली की तेल खूप तापलेलं असतं आणि पूड इतकी बारीक, कोरडी असते की ती काही सेकंदात करपते. मालवणी मसाल्यात मिरच्या, धणे, बडीशेप, सगळं आधीच भाजून कुटलेलं असतं, त्यामुळे त्याला आणखी खरपूस करायची गरजच नाही, फक्त तेलात त्याचा रंग आणि वास उतरायला हवा. माझी सासू सांगते, "गो, मसालो तेलात नको, कांद्यात घाल." कारण साधं आहे, कांद्यात पाणी असतं, आणि जोवर भांड्यात ओल आहे तोवर मसाल्याभोवतीची उष्णता पाणी उकळण्याच्या, म्हणजे १०० अंशांच्या फार वर जात नाही. नुसतं तेल मात्र त्याच्या बरंच वर जातं. म्हणून कांदा नरम, गुलाबी झाला की गॅस एकदम बारीक करा आणि मगच मसाला घाला, पण कांदा अगदी कुरकुरीत तांबूस होईपर्यंत थांबू नका, तेव्हा त्यातलं पाणी गेलेलं असतं.

कधी कांद्याशिवाय फोडणी असेल किंवा मनात धाकधूक असेल तर मसाला, हळद आधीच वाटीत चार-पाच चमचे पाण्यात कालवून ठेवा, पाच मिनिटं फुगू द्या. गॅस बंद करून, तेल थोडं निवल्यावर हे ओतायचं, कडकडीत तेलात ओलं घातलं तर उडतं आणि हात भाजतो. मग परत बारीक आच, पाणी आटून कडेने तेल दिसायला लागलं की मसाला झाला. मला ही पद्धत सगळ्यात बिनधास्त वाटते, चव कमी होते म्हणतात पण मला तरी कधी जाणवलं नाही.

दुसरी चूक वाटप घातल्यावर होते. भाजल्या खोबऱ्याचं वाटप दाट असतं, जड असतं, ते टोपाच्या तळाशी बसतं आणि पातळ बुडाच्या स्टीलच्या टोपात बर्नरच्या बरोबर वरच गोल डाग धरतं. घाटत राहायचं, कालथ्याने तळ जाणवला पाहिजे, आणि तळ खरबरीत लागायला लागला की तिथेच थांबायचं.

आता लागलंच तर काय? आधी गॅस बंद आणि टोप शेगडीवरून खाली, कारण गरम टोप गॅस बंद केल्यावर पण भाजतच राहतो. आणि खरवडू नका! मी त्या दिवशी घाबरून जोरात खरवडलं आणि तळातलं काळं सगळ्या मसाल्यात मिसळलं, तीच खरी चूक, नाहीतर अर्धं तरी वाचलं असतं. तळ बघा, वास घ्या. तांबूस थर आणि भाजल्या खोबऱ्याचा वास असेल तर काहीच बिघडलेलं नाही, अर्धी वाटी गरम पाणी कडेने सोडा, दोन मिनिटं झाकण ठेवा, थर आपोआप सुटतो आणि त्यातच खरी चव असते. पण तळ काळा असेल, धुराचा उग्र वास असेल तर वरचा मसाला अलगद डावाने दुसऱ्या टोपात काढा, खालचा बोटभर थर तसाच सोडून द्या. काढलेला चाखून बघा, कडू नसेल तर गरम पाणी, वाटाणे घालून पुढे चला, थोडी कडवट छटा असेल तर नारळाचा रस ती जरा मऊ करतो.

पण जिभेच्या मागे कडू रेंगाळत असेल तर गूळ, बटाटा, कोकम काही घालून ते जात नाही, आंबट घातलं तर उलट जास्तच टोचतं. तेव्हा फक्त तेल-मसाला टाकून द्यायचा, नवा कांदा परतायचा. वाटाणे बाजूला शिजलेले असतात, वाटप थोडं राखून ठेवलेलं असेल तर वीस मिनिटांत सांबारं परत उभं राहतं, म्हणून मी आता वाटप दोन वेळा घालते, अर्धं आधी आणि अर्धं वाटाणे उकळल्यावर.