आहे, आहेत, आहेस, आहोत : या चुका टाळा

नाशिकच्या सातपूरला कारखान्यात काम करणाऱ्या काही हिंदी भाषकांना मी रविवारी मराठी शिकवते. त्यांतल्या एकाने स्वतःची ओळख लिहून आणली:

"मी सातपूरला आहे. मला दोन भाऊ आहे. माझे बाबा गावी आहे. मी आणि माझी बायको इथे आहेत. ताई, तुम्ही खूप चांगल्या आहेत."

पहिलं वाक्य बरोबर. पुढच्या चारांत फक्त क्रियापद चुकलंय, पण प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं आहे.

"मला दोन भाऊ आहे" ही चूक सगळ्यांत जास्त होते. लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं की बोलतोय मी, आणि 'मी'ला 'आहे' लागतं. पण वाक्यात 'मी' नाही, 'मला' आहे. 'ला' लागला की त्या शब्दाचा क्रियापदावरचा हक्क संपला. ज्याला असा प्रत्यय नाही तो शब्द शोधायचा. इथे तो 'भाऊ' आहे, आणि भाऊ दोन आहेत. म्हणून 'मला दोन भाऊ आहेत'. 'माझ्याकडे', 'आमच्यात', 'खिशात' यांनाही हेच लागू. सिटी बसमध्ये "सुट्टे पैसे आहे का?" कानावर पडतं, अगदी मराठी माणसाच्या तोंडूनही. बोलण्यात खपतं, पण लिहिताना 'पैसे आहेत' हवं.

इथे वस्तू किती आहे यापेक्षा शब्दाचं रूप काय आहे ते बघायचं. लासलगावला ट्रॅक्टरचे ट्रॅक्टर उतरले तरी 'कांदा चांगला आहे', कारण शब्द एकवचनी वापरलाय. उलट बशीभरच असले तरी 'पोहे तिखट आहेत'. एक 'द्राक्ष आंबट आहे', आणि घडातली 'द्राक्षं आंबट आहेत'.

'माझे बाबा गावी आहे' यात अर्धं काम झालंय. 'माझे' म्हणून आदर दिला आणि क्रियापदात काढून घेतला. बाबा एकच, पण आदरार्थी अनेकवचन एकदा घेतलं की शेवटपर्यंत न्यायचं: 'माझे बाबा गावी आहेत'. आईला मात्र आपण लाडाने एकेरीत ठेवतो, 'माझी आई गावी आहे', आणि त्यात अनादर नसतो.

तेवढ्यात वर्गातून शंका आली, "मग 'माझे घर मोठे आहे' कसं?" शंका रास्त होती. लेखी मराठीत नपुंसकलिंगी एकवचनही 'माझे' दिसतं. मोठ्याने म्हणून बघा. 'माझं घर' म्हणता येतं, म्हणून 'आहे'. 'माझं बाबा' कोणी म्हणत नाही, म्हणून 'आहेत'. 'ते' आणि 'ती' असंच फसवतात: ते झाड आहे, पण ते लोक आहेत; ती मुलगी आहे, पण ती मुलं आहेत. नुसत्या सर्वनामावर विसंबू नका, पुढचं नाम बघा.

शेवटच्या दोन चुकांचं मूळ हिंदीतल्या 'हैं'मध्ये आहे. हम हैं, आप हैं, वे हैं, सगळ्यांना एकच 'हैं'. मराठीत त्याचे तीन तुकडे होतात: आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. 'हैं' दिसलं की सरसकट 'आहेत' लिहिलं जातं. 'मी आणि माझी बायको' म्हणजे आम्ही, म्हणून 'इथे आहोत'. जोडीत 'मी' असला की 'आहोत'च. 'मी' नसून 'तू' असेल तर 'आहात': तू आणि तुझा भाऊ कुठे आहात? आणि माझ्याबद्दलचं वाक्य, 'तुम्ही खूप चांगल्या आहात'. (ते मी दुरुस्त करून ठेवून घेतलं.)

'है'चंही असंच. 'तू है' आणि 'वह है' यांत हिंदी फरक करत नाही, मराठी करते: तू आहेस, तो आहे. "तू कुठे आहे?" नाशकात ऐकू येतं, तरी लिहिताना 'स' सोडू नका.

राहता राहिलं 'आपण'. बोलणारा आणि ऐकणारा दोघं धरून 'आपण' असेल तर 'आहोत', समोरच्याला मान देऊन म्हटलेलं असेल तर 'आहात'. शब्द तोच, अर्थ क्रियापद ठरवतं. परवा त्याच विद्यार्थ्याचा मेसेज आला, "ताई, आपण कुठे आहोत?" मी सीबीएसला, तो सातपूरला. मी उत्तर धाडलं, "मी सीबीएसला आहे. तुम्ही कुठे आहात?" दोन मिनिटांनी त्याचं आलं, "मी घरी आहे. आणि ताई, मघाशी 'आहात' पाहिजे होतं."