फोटोतला जर्मन भाडेकरार मराठीत आणताना

पुण्यात जर्मनची बी-टू किंवा सी-वन पातळी पूर्ण केलेल्या व्यक्तीकडे ओळखीतून येणारे पहिले काम बहुधा कादंबरीचे किंवा यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे नसते. ते एखाद्या विद्यार्थ्याच्या भाडेकराराचे असते. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत शिकायला गेलेली असते, घरमालकाने पालकांची जामीनदार म्हणून सही मागितलेली असते, आणि पालकांना सही करण्यापूर्वी नेमके काय लिहिले आहे ते मराठीत वाचायचे असते. हातात येतात ते मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो. अशा कामात कोणत्या जागा अडतात, ते आखेनमधील एका खोलीच्या स्वतंत्र घराच्या कराराच्या आधारे सांगतो.

जर्मनीतील असे करार पुष्कळदा छापील नमुन्यावर असतात. एकाच कलमात दोन-तीन पर्याय छापलेले असतात, लागू असलेल्या पर्यायापुढच्या चौकटीत फुली मारायची आणि लागू नसलेला मजकूर खोडायचा, अशी पद्धत असते. त्यामुळे फोटोत फुली किंवा खोडल्याची रेघ दिसली नाही, तर कलमाचा अर्थच उलटतो. कागदाची घडी अनेकदा खोडल्यासारखी दिसते, आणि फिकट पेनाने मारलेली फुली सावलीत नाहीशी होते. म्हणून अनुवादाला हात घालण्यापूर्वी मी सगळी पाने व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागवतो, कारण फोटो म्हणून पाठवताना चित्र आकुंचित होते. पानांचे आणि कलमांचे क्रमांक सलग आहेत का, हेही तेव्हाच पाहून घेतो. तरीही जे वाचता येत नाही, तिथे चौकोनी कंसात ‘अवाचनीय’ असे लिहावे. अंदाजाने शब्द भरू नये, मग तो अंदाज कितीही पक्का वाटो.

हाताने लिहिलेल्या आकड्यांकडे वेगळे पाहावे लागते. जर्मन हस्ताक्षरातला १ वरच्या लांब रेघेमुळे आपल्याला ७ सारखा दिसतो, त्यांच्या ७ ला मध्ये आडवी रेघ असते, आणि हजारानंतर ते टिंब देतात व दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. या करारात मूळ भाडे ४२० युरो आणि इतर खर्चापोटी ११० युरो छापलेले होते, अनामत मात्र हाताने लिहिलेली होती आणि ती १,२६० आहे की ७,२६० हे फोटोत स्पष्ट होत नव्हते. जर्मन नागरी संहितेच्या कलम ५५१ नुसार निवासी घराची अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही, आणि ४२० ची तिप्पट १,२६० होते. एवढ्यावरून आकडा जवळपास निश्चित झाला, तरी त्या जागेचा जवळून काढलेला दुसरा फोटो मागवूनच तो अनुवादात लिहिला. कायद्याने आकडा पडताळता येतो, पण कागदावर काय लिहिले आहे याचा पुरावा कागदच असतो.

आता प्रतिशब्दांकडे. मूळ कागदाच्या शीर्षकातील ‘मीटफेरट्राग’ला ‘भाडेकरार’ म्हणावे, यात प्रश्न नाही. प्रश्न वाचणाऱ्याच्या मनातल्या भाडेकराराचा आहे. पुण्यात हा शब्द उच्चारला की बहुतेकांसमोर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार उभा राहतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे लायसन्सने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, तो केवळ वापराचा परवाना असतो. जर्मन कराराचा भाडेकरू यापेक्षा खूप जास्त सुरक्षित असतो, आणि करार मुदत न ठरवता केलेला असेल तर घरमालकाला कायद्याने मान्य केलेले कारण दिल्याशिवाय सहसा तो संपवता येत नाही. ‘भाडेपट्टा’ हा शब्द कायद्याच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे, परंतु आपल्याकडे तो जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या व्यवहाराची आठवण करून देतो. त्यामुळे मी मजकुरात ‘भाडेकरार’ ठेवतो, ‘परवानाधारक’ कुठेही येऊ देत नाही, आणि हा फरक दोन-तीन वाक्यांच्या टिपेत सांगतो. मुदतीच्या कलमात ‘अनिश्चित मुदतीचा’ असे लिहिले तर पालकांना करारच डळमळीत वाटतो, म्हणून तिथे ‘शेवटची तारीख न ठरवलेला’ असे लिहिणे बरे.

इतर खर्चाच्या कलमात दोन चौकटी होत्या. एकीचा अर्थ ‘आगाऊ रक्कम’ आणि दुसरीचा ‘ठोक रक्कम’. फुली पहिल्या चौकटीत होती. म्हणजे महिन्याचे ११० युरो हा अंतिम खर्च नाही, वर्षाअखेरीस प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब होतो आणि फरक भाडेकरूकडून मागितला जातो किंवा त्याला परत दिला जातो. हा हिशेब हिशेबाचे वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत द्यायचा असल्यामुळे घर सोडल्यानंतरही मागणी येऊ शकते. सोसायटीच्या मेंटेनन्सशी याची तुलना सोपी वाटते, तरी टाळावी, कारण आपल्याकडे ती रक्कम सहसा ठरलेली असते आणि भाडेकरूला असा हिशेब मिळत नाही. मी ‘हिशेबाच्या अधीन राहून आगाऊ रक्कम’ असे लिहिले.

सर्वात जास्त विचार करावा लागला तो जामिनाच्या कलमाचा, कारण सही तिथेच व्हायची होती. ‘ब्यूर्गशाफ्ट’ला ‘जामीन’ हा शब्द बसतो, बँकेच्या कर्जामुळे तो ओळखीचाही आहे. पण त्याच्या आधी ‘झेल्ब्स्टशुल्डनरिश’ हे विशेषण होते. जर्मन कायद्यात साध्या जामीनदाराला सवलत असते: घरमालकाने आधी मूळ ऋणकोवर वसुलीची कारवाई करून पाहावी, ती फसेपर्यंत मी पैसे देणार नाही, असे तो कलम ७७१ च्या आधारे म्हणू शकतो. हे विशेषण लिहिले की ती सवलत सुटते. आपल्याकडे भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मुळातच ऋणकोइतकेच असते. म्हणजे जर्मनीत जो अपवाद शब्द घालून करावा लागतो, तो इथे नियमच आहे, आणि म्हणून त्या विशेषणाला मराठीत एकच तयार शब्द नाही. ‘स्वतः ऋणको असल्याप्रमाणे’ एवढे लिहिले तर वाचणारा त्यावरून पुढे जातो. मी मजकुरात ‘घरमालकाने आधी भाडेकरूकडून वसुली करावी असे म्हणण्याचा हक्क सोडून दिलेला जामीनदार’ अशी लांब रचना केली, जर्मन शब्द त्याच्या मूळ लिपीत शेजारी ठेवला, आणि दोन्ही कायद्यांतला फरक टिपेत दिला.

याच कलमात आणखी एक गोष्ट दडलेली होती. पूर्ण १,२६० युरोची अनामत घेऊन वर पालकांचा जामीनही मागितला होता, आणि जर्मन कायद्यात दोन्ही मिळून सर्वसाधारणपणे तिपटीचीच मर्यादा लागते. पालकांनी स्वतःहून जामीन देऊ केला असेल, तर न्यायालयांनी अपवाद मान्य केलेला आहे. हे अनुवादात लिहू नये, कारण कागदावर ते नाही, आणि कलम अवैध आहे की नाही हे ठरवणे अनुवादकाचे काम नव्हे. मी टिपेत एवढेच लिहिले की अनामत आणि जामीन एकत्र मागितलेले आहेत, त्यांच्या एकत्रित मर्यादेबद्दल सही करण्यापूर्वी तेथील भाडेकरू संघटनेकडे किंवा वकिलाकडे विचारावे.

टिपा नेहमी वेगळ्या पानावर, कलमाचा क्रमांक देऊन लिहाव्यात. प्रत्येक टिपेत मूळ शब्द, मराठीत निवडलेला शब्द आणि दोन्हींत उरलेले अंतर इतकेच असावे. अनुवादाच्या पहिल्या पानावर मी ‘समजून घेण्यासाठी केलेला अनुवाद, फोटोंवरून’ असे लिहून फोटो कोणत्या तारखेला मिळाले ते नोंदवतो. सही जर्मन मजकुरावर होणार असते, आणि पुढे कुठल्या कार्यालयाने अधिकृत अनुवाद मागितला तर तो शपथबद्ध अनुवादकाकडून मूळ कागद पाहून करून घ्यावा लागतो, हे पालकांना तेव्हाच सांगून ठेवावे.