कागदावरून वाचताना आवाज सपाट होतो? या चुका टाळा

सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव अहवाल वाचू लागतात आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत निम्म्या माना मोबाइलकडे वळतात. एरवी जिन्यात बोलताना याच माणसाचा आवाज छान चढतो-उतरतो. कागद हातात आला की नजर एकेका शब्दावरून सरकते, वाक्य कुठे जाणार हे आधी कळत नाही, म्हणून सगळे शब्द एकाच सुरात येतात.

यावर बहुतेक जण सगळंच मोठ्याने वाचू लागतात. त्याने सपाटपणा जात नाही. उलट आवाज वाढवला की पट्टीही आपोआप चढते, वरच अडकते आणि घसा ताणतो. पट्टी आणि आवाजाची पातळी वेगवेगळी हलवायला शिकावं लागतं. घरी एकच वाक्य आधी वरच्या पट्टीत पण हळू आवाजात म्हणा, मग खालच्या पट्टीत पण मोठ्याने. दुसरं जमायला वेळ लागतो, आणि सभेत तेच जास्त कामी येतं.

मराठीत सर्वांत महागात पडते ती वाक्याचा शेवट गिळण्याची चूक. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. तिथवर श्वास संपलेला असतो, मान कागदात असते. हे वाक्य घ्या: ‘यंदा देखभाल शुल्क वाढवलेलं नाही, मात्र टाकीच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकेकडून एकदाच 2000 रुपये घेतले जातील.’ यातला ‘नाही’ बुडाला, तर शुल्क वाढलं असंच ऐकू जातं आणि पुढची दहा मिनिटं त्या वादात जातात.

हेच वाक्य कागदावर तीन ओळींत तोडून लिहा: ‘नाही’पर्यंत एक, ‘दुरुस्तीसाठी’पर्यंत दुसरी, उरलेली तिसरी. प्रत्येक ओळीआधी श्वास घ्या. ‘यंदा’ जरा वरच्या पट्टीत उचला, म्हणजे नवा विषय सुरू झाल्याचं कळतं. ‘वाढवलेलं नाही’ हे शब्द नजरेने आधी टिपून, मान वर करून, आवाज न पाडता म्हणा आणि क्षणभर थांबा. ‘मात्र’ खालच्या पट्टीत घ्या. ‘एकदाच’ खाली रेघ मारा; जोर त्यावर हवा, ‘रुपये’वर नको. खुणा एवढ्याच पुरेत. ओळीत चार-पाच शब्द अधोरेखित केले, की पुन्हा सगळं सारखंच ऐकू येतं.

काही जण सपाटपणा टाळायला जातात आणि प्रत्येक ओळ वर उचलून त्याच जागी खाली सोडतात. मग पाढे म्हटल्यासारखं वाटतं. हे वाचताना स्वतःला जाणवत नाही. म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दाराआडून, शब्द नीट कळणार नाहीत इतक्या हळू आवाजात ऐका. नुसत्या सुरावरून नवा विषय कुठे सुरू झाला हे ओळखू आलं, तर वाचन जमलं. सगळ्या ओळींची चाल एकच वाटली, तर निम्म्या खुणा खोडा आणि वाक्यं छोटी करा. आणि माइक असेल तर आवाज कमी-जास्त करताना तोंडाचं अंतर बदलू नका, नाहीतर हळू म्हटलेले शब्द मागे पोचणारच नाहीत.