दहावीचं वेळापत्रक कॅलेंडरमध्ये उतरवताना या चुका टाळा

बोर्डाचं वेळापत्रक आलं की त्याचा स्क्रीनशॉट घरोघरी फिरतो. तो फोनच्या गॅलरीत पडून राहतो आणि मुलं रोज उघडून ‘अजून किती दिवस?’ एवढंच मोजतात. त्या चित्रातून अभ्यासाचं कॅलेंडर बनवायचं तर तारखा आधी शीटमध्ये उतरवाव्या लागतात. पहिला घोटाळा तिथेच होतो.

चित्रातला मजकूर गूगल लेन्सने कॉपी केला तर बऱ्याचदा आधी सगळ्या तारखा येतात आणि त्याखाली सगळे विषय. एक ओळ सुटली की पुढचा प्रत्येक पेपर एका तारखेने सरकतो, शिवाय पुसट चित्रात १ आणि ९ सारखेच दिसतात. दहावीचे मुख्य पेपर जेमतेम नऊ-दहा असतात, त्यामुळे ते हाताने टाइप केलेले बरे. तेही स्वतःच्या विषयांचेच. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या ओळीत अनेक भाषा एकत्र छापलेल्या असतात. आपली कोणती, हे हॉलतिकिटावर बघा.

टाइप केल्यावर शेजारच्या रकान्यात वार काढा आणि त्याच्या बाजूला दोन पेपरांमधले मोकळे दिवस:

```
=TEXT(A2,"dddd")
=A3-A2-1
```

वेळापत्रकात तारखेसोबत वारही छापलेला असतो. तो जुळला नाही तर तारीख चुकली. २०२५ च्या परीक्षेचं वेळापत्रक नोव्हेंबर २०२४ मध्येच आलं होतं. माझ्या भाचीने शीटमध्ये वर्ष न लिहिता २१ फेब्रुवारी टाकलं, शीटने चालू वर्ष धरलं आणि वार आला बुधवार. पत्रकात शुक्रवार होता, म्हणून चूक लगेच सापडली. दुसऱ्या सूत्रात `#VALUE!` दिसलं तर शीटने तारखेला मजकूर समजलंय. असा मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे.

यापुढची चूक जास्त महागात पडते. ‘पेपरच्या आधीचे दिवस त्याच पेपरचे’ असं धरून मुलं गॅप भरतात. २०२५ चंच वेळापत्रक घ्या. मराठी २१ फेब्रुवारीला, इंग्रजी १ मार्चला, मध्ये सात दिवस. त्यानंतर ३ मार्च हिंदी, ५ बीजगणित, ७ भूमिती, १० विज्ञान भाग १, १२ विज्ञान भाग २, १५ इतिहास-राज्यशास्त्र, १७ भूगोल. सातही दिवस इंग्रजीला दिले तर हिंदी, दोन्ही गणितं, विज्ञान भाग २ आणि भूगोल यांच्या वाट्याला एकेकच दिवस उरतो. म्हणजे मोठ्या गॅपमधून उसने दिवस काढायला हवेत, आणि ते काढायचे शेवटच्या पेपरापासून उलटे. जो पेपर सर्वांत लांब, त्याची उजळणी सर्वांत आधी.

आम्ही असं मांडलं: २२ ला भूगोल, २३ ला विज्ञान भाग २, २४ ला भूमिती, २५ ला बीजगणित, २६ ला हिंदी, २७ आणि २८ ला इंग्रजी. मग प्रत्येक पेपराच्या आदल्या दिवशी नवं काही शिकायचं उरत नाही, फक्त परत चाळायचं. विज्ञान भाग १ आणि इतिहासाला आधीच दोन-दोन दिवस होते, म्हणून त्यांना उसना दिवस दिला नाही. पण इतिहासाच्या आधीचे ते दोन दिवस म्हणजे १३ ला होळी आणि १४ ला धुळवड! म्हणून रिकामे दिवस मोजताना घरच्या भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर शेजारी ठेवा आणि ज्या दिवशी खरंच पूर्ण दिवस बसता येणार नाही तो अर्धा धरा. उलट गणिताचे पेपर दोन तासांचे, दुपारी सव्वाच्या आत संपतात. जेवून थोडी झोप काढली की संध्याकाळ मोकळी मिळते. तीही कॅलेंडरमध्ये लिहा.

हे सगळं गूगल कॅलेंडरमध्ये न्यायचं असेल तर फाइल अशी हवी:

```
Subject,Start Date,All Day Event
भूगोल उजळणी,02/22/2025,True
बीजगणित पेपर,03/05/2025,True
```

यात महिना आधी आणि दिवस नंतर. आपल्या सवयीने `05/03/2025` लिहिलं आणि बीजगणिताचा पेपर ३ मे ला जाऊन बसला. मार्च ओकाबोका दिसला की आधी हेच तपासा. फाइल फोनच्या ॲपमधून चढत नाही, संगणकावरूनच आयात करावी लागते. त्यासाठी ‘परीक्षा’ नावाचं वेगळं कॅलेंडर उघडा. दुरुस्त फाइल पुन्हा चढवली की जुन्या नोंदी जात नाहीत, सगळं दुप्पट दिसायला लागतं. वेगळं कॅलेंडर असेल तर ते अख्खं पुसून नव्याने सुरुवात करता येते.

आणि तो स्क्रीनशॉट कुणाकडून आला, हेही बघा. बोर्ड स्वतः सांगतं की संकेतस्थळावरचं वेळापत्रक केवळ माहितीसाठी असतं, शाळेला छापील स्वरूपात येतं तेच अंतिम. शाळेत कागद लागला की शीटमधल्या तारखा त्याच्याशी एकेक करून ताडून घ्या.